मधल्या मापाचा गुडघा

पहाटे साडेचारला त्याचा दिवस सुरू व्हायचा. गजर लावायची गरज नव्हती. सामान हलवणाऱ्या माणसाचं अंगच घड्याळ असतं. रस्ते भरायच्या आत ट्रक भरून निघायला हवा, नाहीतर निम्मा दिवस सिग्नलवर जातो आणि उरलेला निम्मा उन्हात. तो उठायचा, पाठ भिंतीला लावून उभा राहायचा, मग दोन्ही गुडघे एकदा वाकवून बघायचा. ड्रायव्हर टायरला लाथ मारून बघतो, तसं.

कामावर त्याला सगळे ‘खालचा’ म्हणत. त्यात अपमान नव्हता, तो हुद्दा होता. कपाट जिन्यावरून वर न्यायचं तर दोन माणसं लागतात. एक वर, एक खाली. वरचा उलटा चालतो, वाट दाखवतो आणि तोंड चालवतो. वजन सगळं उतरतं ते खालच्याच्या अंगावर. वरच्याचा हात सुटला तर ओरखडा पडतो. खालच्याचा पाय सुटला तर माणूस जातो. म्हणून वरचा कुणीही चालतो, खालचा निवडावा लागतो. बावीस वर्षं तो खालचा होता आणि त्याच्या हातून एक आरसासुद्धा फुटला नव्हता.

वरचा म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. सख्खा मेहुणा. अंगाने काटकुळा, पण जिन्याचं वळण त्याला डोळे मिटून कळायचं. तोंड मात्र दिवसभर सुरू. “दाजी, डावीकडे. दाजी, कठडा. दाजी, ताईने डब्यात काय दिलंय?”

“कपाट माझ्या छातीवर आहे आणि तुला डबा सुचतोय?”

“तुमच्या छातीवर आहे म्हणून तर मला सुचतोय.”

असं चालायचं.

एके दिवशी ओल्या पायरीवर त्याचा उजवा पाय घसरला आणि गुडघा आत वळला. कपाट त्याने सोडलं नाही. ते भिंतीला टेकवलं, मगच खाली बसला. डॉक्टर म्हणाले, आतल्या बाजूचा अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, ताणलाय, तुटलेला नाही, पण विश्रांती घ्यावीच लागेल. त्याने ती घेतली. सुरुवातीला सुख वाटलं. मग कंटाळा आला. मग भीती वाटू लागली, कारण आंघोळीला बसल्यावर दिसायला लागलं की उजवी मांडी डावीपेक्षा बारीक झाली आहे. काम केलं नाही की मांस जातं. त्याला हे माहीत होतं, पण स्वतःच्या पायावर बघणं वेगळं.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी कामावर जायची परवानगी दिली. सुरुवातीला हलकं, मग हळूहळू जड. मांडीचे व्यायाम रोज. आणि काही महिने कामाच्या वेळी दोन्ही बाजूंना बिजागऱ्या असलेला नी ब्रेस, गुडघ्याला आधार देणारा. “मापाचा घ्या,” डॉक्टर म्हणाले. “सैल असेल तर शोभेचा, घट्ट असेल तर त्रासाचा.”

मुकादम भला माणूस होता, पण मुकादम होता. त्याने समोर बसवून सांगितलं, “हे बघ, गुडघा तुझा आहे, पण जिना माझा आहे. जिन्यात काही झालं तर मला तोंड द्यायचंय. सोमवारी तिसऱ्या मजल्यावर एक स्टीलचं कपाट चढवायचंय, रिकामं. मी बघायला उभा राहणार. जमलं तर तू खालचा. नाही जमलं तर पॅकिंगला बस.”

पॅकिंगला बस म्हणजे कपबशा कागदात गुंडाळायच्या. काम वाईट नाही. पण पगार निम्म्याच्या आसपास येतो आणि एकदा तिथे बसलेला माणूस परत जिन्यावर आलेला त्याने पाहिला नव्हता.

ब्रेस फोनवरून मागवायचा ठरला. दुकानदाराने फोनवर विचारलं, “माप सांगा. तीन ठिकाणचा घेर. गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध एक. तिथून पंधरा सेंटीमीटर वर मांडीवर एक आणि पंधरा सेंटीमीटर खाली पोटरीवर एक.”

माप म्हटल्यावर बायकोने फोन हातातून काढून घेतला. ती घरी शिवणकाम करायची. ब्लाउज, फ्रॉक, शाळेचे गणवेश. अख्ख्या इमारतीतल्या बायकांची मापं तिला तोंडपाठ होती, आणि कोणाचं किती वाढलं हेही. “माप मी सांगते,” ती म्हणाली. “तुम्ही उभे राहा सरळ. पोट आत घेऊ नका.”

“पोटाचा काय संबंध?”

“सवयीने म्हटलं हो.”

संध्याकाळची वेळ होती. तो बराच चालून आला होता. तिने गळ्यातली टेप काढली, वाटीचा मध्य बोटाने चाचपला, वर-खाली पंधरा सेंटीमीटर मोजून खडूच्या खुणा केल्या आणि घेर घेतले. तिचा हात इतका सराईत की त्याला टेप लागलेलीसुद्धा कळली नाही. फोनवर तिने आकडे सांगितले : मांडी साडेएकोणपन्नास, गुडघा एक्केचाळीस, पोटरी अडतीस.

“मग लार्ज,” दुकानदार म्हणाला. “सरळ सरळ लार्ज. तिन्ही मापं बसतात.”

लार्ज आला. चढवला, छान वाटला. खोलीत चार फेऱ्या मारल्या. मग जिना उतरून चढून आला तेव्हा बिजागऱ्या पोटरीपर्यंत सरकल्या होत्या आणि कापड मोज्यासारखं गोळा झालं होतं.

“पट्टे आवळा की,” बायको म्हणाली.

त्याने आवळले. पट्टे टोकापर्यंत गेले, कापडाला चुण्या पडल्या, आणि एक बिजागरी बाजूवरून पुढे आली. मांडी वरून खाली निमुळती झालेली, ब्रेस मात्र भरलेल्या मांडीचा. भोपळ्यावर बादली उपडी घातल्यासारखं ते होतं.

आता सामान हलवणाऱ्याला एकच शास्त्र येतं. जे हलतं ते बांधायचं. सोफा असो, आरसा असो, कपाटाचं दार असो, पारदर्शक प्लास्टिकची ती चिकट फिल्म गुंडाळायची, ओढून ओढून गुंडाळायची. मग वस्तू जागची हलत नाही. सोमवारी ट्रकमध्ये बसल्या बसल्या त्याने ब्रेसवर फिल्मचे वेढे दिले. मांडीपासून पोटरीपर्यंत. मेहुणा बघत होता.

“दाजी, वर ‘काच, सांभाळा’ असा कागद पण चिकटवू का?”

“तू तोंडाला चिकटव.”

ब्रेस हलेना. तो खूश झाला.

कपाट उचललं. पहिला मजला चढला. बिजागऱ्या जागच्या जागी होत्या. मुकादम खाली उभा राहून मान वर करून बघत होता. दुसऱ्या मजल्याच्या अलीकडे त्याच्या लक्षात आलं की उजव्या पायाच्या बोटांना मुंग्या आल्या आहेत. आणखी दोन पायऱ्या गेल्या आणि बोटं कळेनाशी झाली. पायरी कुठे संपते ते पावलाला समजलं पाहिजे, खालच्या माणसाचं सगळं भांडवल तेच. आणि ते पाऊल लाकडाचं झालं होतं.

हट्टाला पेटला असता तर चढला असता कदाचित. तो म्हणाला, “टेकव.”

कपाट पायरीवर टेकलं. त्याने खांदा लावून ते धरलं, डाव्या पायावर भार घेतला आणि मुकादमाला हाक मारली. दुसरा माणूस आला, कपाट वर गेलं.

खाली येऊन त्याने फिल्म कापली. पायावर लाल वळ उठले होते आणि गुडघ्यामागे खोल चुणी पडली होती. पाऊल गार लागत होतं. ते चोळून चोळून ऊब आली तेव्हा त्याने श्वास सोडला.

मुकादम जवळ बसला. “टेकव म्हणालास ते बरं केलंस. न म्हणतास तर आजच हिशेब केला असता. शनिवारपर्यंत कपबशा गुंडाळ. शनिवारी असंच एक कपाट आहे. त्यानंतर मात्र मी विचारणार नाही.”

घरी सांगितल्यावर बायकोने वळ बघितले. तिने टेप काढली आणि परत माप घेतलं. आकडा बघून आणखी एकदा मोजलं. ती दुसऱ्यांदा मोजते म्हणजे काहीतरी मोठं असतं.

“काय झालं?”

“मी लूज धरला होता.”

“म्हणजे?”

“म्हणजे अंगाचं माप आणि कापडाचं माप वेगळं असतं हो. ब्लाउजला, फ्रॉकला अंगावरच्या मापात इंचभर मिळवायचाच. नाहीतर माणसाला श्वास घेता येत नाही. मी मिळवून सांगितलं. विचारसुद्धा केला नाही. हात तसा चालतो माझा.”

तो हसला. तिला ते आवडलं नाही. “हसताय काय? पाय गेला असता.”

“माझ्या गुडघ्याला ब्लाउज शिवलास, हसू नको तर काय करू? आणि फिल्म काही तू गुंडाळली नव्हतीस. आपण दोघं एका माळेचे मणी.”

दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या कामावर जायच्या आधी तो दुकानात गेला. बायको सोबत आली, तिला स्वतः बघायचं होतं. सर्जिकल सामानाचं अरुंद दुकान, मागे पडदा लावून केलेली छोटी खोली, एक खुर्ची, एक बुटकी पायरी. माप घेणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. फोनवर बोलला तो त्यांचा दीर. त्यांनी आधी वळ बघितले आणि म्हणाल्या, “भाऊ, पाय आहे. पार्सल नाही.”

बायको पदराआड हसली.

बाईंनी पँट वर सरकवू दिली नाही, हाफ पँटवर उभं केलं. “कापडावरून माप घ्यायचं नाही. आणि गोळा झालेली पँट मांडी आवळते, मग खालचा घेर खोटा येतो.” पायाच्या बोटांचा रंग बघितला, नख दाबून सोडलं, लाली परत येते का पाहिलं. मग पेनने वाटीच्या मधोमध ठिपका दिला, वर पंधरा, खाली पंधरा मोजून आणखी दोन ठिपके. टेप आडवी, तिरपी नाही. कातडीला टेकलेली, रुतलेली नाही. “पाय सैल सोडा. मांडी ताठ करू नका.”

“केली नाही.”

“केलीय. पुरुष सगळे करतात.”

त्याने सोडली. आकडे आले : मांडी साडेशेचाळीस, गुडघा अडतीस, पोटरी साडेपस्तीस. बाईंनी डब्यावरचा तक्ता दाखवला. मीडियम : मांडी बेचाळीस ते सत्तेचाळीस, गुडघा पस्तीस ते अडतीस, पोटरी तेहेतीस ते छत्तीस. त्याच्यापुढे लार्ज सुरू.

“म्हणजे मीडियम,” तो म्हणाला. “द्या.”

“थांबा. संध्याकाळी गुडघा सुजतो का?”

“थोडा. काम केलं की.”

“मग संध्याकाळी या. कामावरून सरळ. घरी जाऊन पाय वर करून बसून येऊ नका.”

तो वैतागला. पण आला. दिवसभर खोकी उचलून गुडघा जड झाला होता. बाईंनी त्याच ठिपक्यांवर टेप धरली. मांडी सत्तेचाळीस. गुडघा एकोणचाळीस. पोटरी तेवढीच.

“बघा. सकाळी मीडियम, संध्याकाळी गुडघ्याने लार्ज. पोटरीने दोन्ही वेळा मीडियम. मांडी उंबरठ्यावर उभी.”

“मग आता?” बायकोने विचारलं. “मधलं माप मिळत नाही का?”

“मधलं माप माणसात असतं, डब्यात नसतं,” बाई म्हणाल्या. त्यांनी कागद उलटला. “आधी कंपनी काय म्हणते ते बघायचं. या कंपनीचं म्हणणं, मापं वेगवेगळ्या साईजमध्ये पडली तर मांडीचं धरा, कारण ब्रेस वरून लटकतो, मांडीवर बसला नाही तर खाली येतो. दुसऱ्या कंपनीचा कागद दुसरं सांगेल. पण यांची मांडीच सत्तेचाळीसवर आहे, मीडियम तिथे संपतो आणि लार्ज तिथेच सुरू होतो. कागदाने हात वर केले. मग एकच उपाय उरतो. घालून बघायचं, आणि ज्या कामाला घ्यायचा ते काम करून बघायचं. आरशासमोर उभं राहून सगळेच मावतात.”

आधी मीडियम चढवला, पायातून ओढून घ्यायचा तो बंद प्रकार. मांडीवर चांगला बसला. बुटक्या पायरीवर चढायला लावलं, उतरायला लावलं, दुकानाबाहेरच्या फुटपाथवर पाठवलं. पंधरा-वीस मिनिटांनी परत आला तेव्हा बाईंनी विचारलं, “बोटं?”

त्याला खोटं बोलावंसं वाटलं. शनिवार डोळ्यासमोर होता. पण जिन्यातलं लाकडी पाऊल आठवलं. “मुंग्या नाहीत. पण आवळतंय हे कळायला लागलंय.”

काढून बघितलं. गुडघ्यामागे पुन्हा ती चुणी, फिकी, पण होती. “दुपारपर्यंत हा चालेल,” बाई म्हणाल्या. “नंतर तुम्ही सुजाल, हा वाढणार नाही.”

“आणि लार्ज दुपारनंतर बसेल?”

“गुडघ्याला कदाचित. मांडीला आणि पोटरीला दिवसभर सैल. लार्ज घेऊन आवळून बघितलात ना? बिजागरी पुढे आली. बिजागरी वाटीच्या मध्याच्या रेषेत राहिली पाहिजे, दोन्ही बाजूंना. दार एकीकडे आणि बिजागरी दुसरीकडे, असं दार उघडतं का?”

हे त्याला लगेच समजलं. दारं त्याने पुष्कळ उतरवली होती.

बाई स्टुलावर चढून वरचा डबा घेऊन आल्या. त्याच कामाचा ब्रेस, पण समोरून उघडा, पायाभोवती लपेटून पट्ट्यांनी लावायचा. “ज्याची सूज सकाळ-संध्याकाळ बदलते त्याला बंद प्रकार देऊ नये असं माझं मत. हा लपेटायचा आहे, दर वेळी पायाइतका होतो. पण याचा तक्ता वेगळा. तो बघायचा, त्या डब्याचा आकडा या डब्याला लावायचा नाही.” त्या तक्त्यात मीडियमची मांडी एक्केचाळीस ते अठ्ठेचाळीस होती, गुडघा चाळीसपर्यंत, पोटरी बत्तीस ते अडतीस. त्याची सकाळ आणि त्याची संध्याकाळ, दोन्ही आत.

लावायचं कसं तेही त्यांनी करून घेतलं. गुडघा जरासा वाकवून बसायचं, बिजागऱ्या वाटीच्या मध्याशी जुळवायच्या, आधी गुडघ्याखालचे पट्टे, मग वरचे. पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत, तीन नकोत. जेवायच्या सुट्टीत एकदा सगळे सोडायचे, परत लावायचे. बधिरपणा आला, बोटं निळी किंवा गार पडली तर काढायचा, आणि बरं वाटलं नाही तर डॉक्टरकडे जायचं, दुकानात यायचं नाही. “आणि हा वजन उचलत नाही हं. वजन मांडीच उचलते. व्यायाम करताय ना? दोन महिन्यांनी मांडी भरली की परत माप घ्यायला या. तुमचं माप आज आहे ते तेव्हा नसेल.”

उघडलेला लार्ज परत घेता येत नाही, असं बाईंनी आधीच सांगितलं. बायको वाद घालायला पुढे झाली होती, पण चूक कुणाची ते आठवून टेप गळ्यात टाकून उभी राहिली. जाताना तिने विचारलं, “तुम्ही काहीच लूज धरत नाही?”

“नाही. तक्ता बनवणाऱ्याने तो धरलेला असतो. आपण परत धरला तर दोनदा धरल्यासारखं होतं.”

“हे फोनवर सांगायला हवं.”

“दिराला सांगते,” बाई म्हणाल्या, आणि लिहून ठेवल्यासारखी मान हलवली.

त्या आठवड्यात त्याने दोनशे तरी कपबशा गुंडाळल्या असतील. ब्रेस लावूनच. दुपारी सोडायचा, चोळायचा, परत लावायचा. घरी जिन्यावर रिकामा चढ-उतार केला, मग पाण्याची कळशी घेऊन, मग मेहुण्याला पाठीवर घेऊन.

“दाजी, मी वजनदार माणूस आहे ना?”

“तुझ्यात वजन असतं तर व्यायाम झाला असता.”

शनिवारचं कपाट सोमवारच्यापेक्षा रुंद होतं. जिना अरुंद, कठडा लोखंडी. मुकादम या वेळी खाली उभा राहिला नाही, वरच्या मजल्यावर जाऊन थांबला. खालच्याने ट्रकच्या पायरीवर बसून ब्रेस लावला. वाटीचा मध्य बोटाने चाचपला. खालचे पट्टे. वरचे पट्टे. दोन बोटं.

उचललं. वजन अंगावर आलं तेव्हा मांडी थरथरली, मग धरली. पहिला मजला. वळणावर मेहुणा म्हणाला, “डावीकडे, कठडा.” दुसऱ्या मजल्याच्या अलीकडे त्याने मुद्दाम बोटं हलवून बघितली. पाचही होती. पायरीची कड पावलाला लागत होती. गुडघा दुखत होता, पण दुखणं ओळखीचं होतं, ते कुठे आहे आणि कशाचं आहे ते त्याला कळत होतं. तो घाईने चढला नाही. घाई हे खालच्याचं काम नव्हे. एका जागी म्हणाला, “टेकव,” श्वास घेतला, म्हणाला, “उचल.”

कपाट खोलीत लागलं. मुकादमाने कपाटाकडे बघितलं नाही. खाली वाकून ब्रेसकडे बघितलं. “सरकला नाही,” तो म्हणाला. “सोमवारी साडेपाचला ये.” एवढंच. पण त्याने बिडी पुढे केली, आणि मुकादम कोणाला बिडी देत नसे.

“दाजी,” मेहुणा उतरताना म्हणाला, “तो लार्ज मला द्या. थंडीत पायाला बरा पडेल.”

“आधी माप घे. ताईकडून घेऊ नकोस.”

सुरुवातीला मुकादमाने त्याला हलकी कपाटं दिली, फ्रीज नंतर दिले. मांडी भरत गेली. दोन महिन्यांनी तो परत माप घ्यायला गेला तेव्हा मांडी एका सेंटीमीटरने वाढली होती आणि संध्याकाळची सूज जवळजवळ गेली होती. ब्रेस तोच चालला. पुढे डॉक्टरांनी तो फक्त जड कामाला ठेवा म्हणून सांगितलं.

त्याच दिवसांत एकदा तो लवकर घरी आला तर बायको जमिनीवर गुडघे टेकून गणवेशाचं कापड कापत होती. इतकी वर्षं ती तशीच कापायची. उठताना तिने भिंत धरली. त्याने आजवर हे बघितलं नव्हतं असं नाही, लक्ष दिलं नव्हतं. गुडघा म्हणजे काय ते आता त्याला माहीत होतं.

“कधीपासून भिंत धरतेस?”

“तुम्हाला आत्ता दिसलं होय?”

जिन्याच्या कामाचा जास्तीचा पगार तो वेगळा ठेवायला लागला. पावसाळा गेला, हिवाळा गेला. मग दोघं लाकडी सामानाच्या दुकानात गेले. कापायच्या मेजाच्या दोन उंच्या मिळत होत्या. बायको बुटक्यापाशी उभी राहिली तर कमरेत वाकावं लागत होतं. उंचापाशी उभी राहिली तर खांदे वर जात होते. दुकानदार म्हणाला, “बुटकं घ्या ताई, सवय होते.” तिने ऐकलं नाही. पिशवीतून कात्री आणि रद्दी कागद काढला आणि दोन्ही मेजांपाशी उभी राहून कापून बघितलं, चांगला वेळ. शेवटी बुटकं घेतलं, आणि दुकानदाराकडून मेजाच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे मारून घेतले, मेज तिच्या कोपराच्या उंचीला येईल एवढे. ठोकळ्यांचं माप तिने स्वतः दिलं. लूज न धरता.

मेज तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरी त्याने आणि मेहुण्याने चढवलं. मेहुणा वर, तो खाली.